पुरवठादाराचा खाते क्रमांक कोण बदलू शकतं?

भोसरी किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतला, यंत्राचे सुटे भाग बनवणारा साठ-सत्तर माणसांचा एखादा कारखाना घ्या. हिशेबाचं नवं सॉफ्टवेअर येतं. ते बसवून देणारा माणूस विचारतो, ‘कोणाला काय काय अधिकार द्यायचे?’ उत्तर बहुधा घाईत दिलं जातं: सध्या सगळ्यांना सगळं द्या, नंतर बघू. ते ‘नंतर’ सहसा येत नाही. पुढे कधीतरी एखाद्या पुरवठादाराचा फोन येतो की पैसे मिळाले नाहीत, आणि नोंदी तपासल्यावर कळतं की पैसे गेलेत, पण भलत्याच खात्यात. खाते क्रमांक कोण बदलू शकत होतं, याचं उत्तर तेव्हा मिळतं: बारा जण.

हे टाळायला महागडं काही लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये हात घालण्याआधी एक्सेलमध्ये अधिकारांचा तक्ता करायचा. खरेदीचा व्यवहार पुरवठादार, खरेदी ऑर्डर, माल आवक, बिल आणि पेमेंट अशा पाच मॉड्यूलमधून जातो, म्हणून तेवढाच भाग इथे घेऊ.

बरेच जण मॉड्यूल उभे, माणसं आडवी मांडतात आणि चौकटीत ‘पाहणे, बदल, मंजुरी’ असं एकत्र लिहून टाकतात. वाचायला हे सोपं असतं, पण तपासायला निरुपयोगी. त्याऐवजी प्रत्येक मॉड्यूलच्या चार ओळी कराव्यात: पाहणे, बदल, मंजुरी, हटवणे. पाच मॉड्यूलच्या वीस ओळी होतात, आणि शीर्षकाची पहिली ओळ सोडली तर त्या २ ते २१ क्रमांकांवर बसतात. कॉलममध्ये माणसांची नावं न घालता भूमिका घालाव्यात: खरेदी सहायक, खरेदी व्यवस्थापक, स्टोअरकीपर, लेखा सहायक, लेखा व्यवस्थापक, संचालक. माणसं येतात-जातात, भूमिका राहते. अधिकार असेल तिथे 1 लिहायचा, नसेल तिथे चौकट रिकामी सोडायची. शेवटी ‘कारण’ असा एक कॉलम ठेवावा. हा अधिकार या भूमिकेला का हवा, हे एका वाक्यात लिहिता आलं नाही, तर तो बहुधा नकोच असतो.

आता भरायला बसू. खरेदी सहायक पुरवठादाराची नोंद करेल, ती लेखा व्यवस्थापक मंजूर करेल. ऑर्डर खरेदी सहायक बनवेल, खरेदी व्यवस्थापक मंजूर करेल. माल आला की नोंद स्टोअरकीपरची. बिल लेखा सहायक चढवेल, लेखा व्यवस्थापक मंजूर करेल. पेमेंट तयार करणार लेखा सहायक, सोडणार संचालक. ज्याने नोंद केली त्यानेच ती मंजूर करायची नाही, हे यामागचं सूत्र. बँकांमध्ये यालाच मेकर-चेकर म्हणतात.

पाहण्याच्या ओळींकडे लोक फारसं लक्ष देत नाहीत. पाहिल्याने काय बिघडतं, असं त्यांना वाटतं. स्टोअरकीपरचंच बघा. ऑर्डरमध्ये ५०० नग आहेत हे त्याला पडद्यावर दिसत असेल, तर गर्दीच्या दिवशी तो न मोजता ५०० लिहून मोकळा होईल. आलेले असतील ४८०. म्हणून काही कारखाने स्टोअरकीपरला ऑर्डरमधला माल दाखवतात, संख्या दाखवत नाहीत. मोजल्याशिवाय त्याला आकडा भरताच येत नाही, आणि बिल, ऑर्डर व आवक यांचा मेळ घालण्याला अर्थ उरतो.

बदलाच्या ओळीत मात्र खरा धोका आहे, कारण एका शब्दात दोन कामं लपलेली असतात: मंजुरीआधीचा बदल आणि मंजुरीनंतरचा बदल. पुरवठादार मंजूर झाल्यावर त्याचा खाते क्रमांक खरेदी सहायकाला बदलता येत असेल, तर आधीच्या मंजुरीला काही किंमत राहत नाही. खाते क्रमांक, दर किंवा रक्कम बदलली की नोंद पुन्हा मंजुरीला गेलीच पाहिजे. आपलं सॉफ्टवेअर असं करतं का, हे आधी विचारून घ्यावं. करत नसेल, तर तक्त्यात ‘मंजुरीनंतर बदल’ अशी पाचवी ओळ घालून ती जवळपास सगळ्यांसाठी रिकामी ठेवावी. मग पुढचे ओळ क्रमांक सरकतील, एवढं ध्यानात ठेवायचं.

हटवण्याच्या ओळी माझ्या मते पूर्ण रिकाम्याच राहायला हव्यात. चुकलेलं बिल रद्द करावं किंवा उलट नोंद करावी. पुरवठादार नको असेल तर निष्क्रिय करावा. कंपन्यांना तर कायद्यानेही मोकळीक नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ही सोय बंद करता येता कामा नये, असा नियम आहे.

भूमिकांचे कॉलम एकेक करून तपासले तर सगळं नीट दिसतं. गडबड होते ती दोन भूमिका एकाच माणसाकडे आल्यावर. लेखा व्यवस्थापक महिनाभर रजेवर गेला, म्हणून लेखा सहायकाला त्याची भूमिकाही दिली. आता बिल चढवणारा आणि मंजूर करणारा एकच झाला. तक्त्यात एक अक्षरही बदललेलं नाही, त्यामुळे हे डोळ्यांना दिसत नाही.

ते पकडायला दुसरं शीट करावं. भूमिकांच्या शीटचं नाव `Matrix`, माणसांच्या शीटचं `People`. `People` मध्ये पहिल्या कॉलममध्ये नाव, दुसऱ्यात भूमिकेची मुदत, आणि C ते H मध्ये `Matrix` मधल्याच सहा भूमिका, त्याच क्रमाने. ज्याच्याकडे जी भूमिका, तिथे 1. बिल मॉड्यूलमध्ये बदलाची ओळ १५ आणि मंजुरीची १६ आहे. म्हणून I2 मध्ये हे सूत्र घालायचं आणि खाली ओढायचं:

```
=IF(AND(SUMPRODUCT(Matrix!$C$15:$H$15,$C2:$H2)>0,SUMPRODUCT(Matrix!$C$16:$H$16,$C2:$H2)>0),"तपासा","")
```

त्या माणसाच्या सगळ्या भूमिका मिळून दोन्ही अधिकार त्याच्याकडे येत असतील, तर ‘तपासा’ उमटतं. अशाच आणखी दोन-तीन जोड्यांसाठी शेजारी कॉलम करावेत: पुरवठादाराची नोंद आणि पेमेंटची मंजुरी, पुरवठादाराची मंजुरी आणि पेमेंट तयार करणं. यापेक्षा जास्त जोड्या घातल्या तर इशारे इतके होतात की कोणी वाचत नाही. लहान कारखान्यात काही इशारे टाळताही येत नाहीत, कारण माणसंच कमी असतात. तिथे लेखा सहायकाने त्या महिन्यात स्वतः मंजूर केलेली बिलं संचालकाने आठवड्याला पाहावीत, आणि तसं ‘कारण’ कॉलममध्ये लिहून ठेवावं.

तक्त्याला सगळंच सांगता येत नाही. एक लाखापर्यंतची ऑर्डर व्यवस्थापकाने आणि त्यावरची संचालकाने मंजूर करायची असेल, तर एका 1 ने ते कळत नाही. मंजुरीच्या दोन ओळी कराव्या लागतात.

शिवाय तक्ता म्हणजे फक्त आपला इरादा. सॉफ्टवेअरमध्ये खरोखर तेच आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. प्रत्येक भूमिकेचा एक चाचणी लॉगिन करायचा, चाचणीच्या डेटावर बसायचं आणि रिकाम्या चौकटीतली कामं मुद्दाम करून बघायची. स्टोअरकीपरच्या लॉगिनने बिल उघडतं का? मेनूत बंद असलेली यादी रिपोर्टमधून एक्सेलमध्ये उतरवता येते का? ही वाट फार ठिकाणी उघडी सापडते. आणि सॉफ्टवेअर बसवणाऱ्याचा ‘अॅडमिन’ लॉगिन, ज्याचा पासवर्ड ऑफिसात चौघांना ठाऊक असतो, तो `People` शीटमध्ये एक माणूस म्हणून लिहून सहाही भूमिकांपुढे 1 घालावा. सूत्र त्याच्यापुढे प्रत्येक कॉलममध्ये ‘तपासा’ दाखवेल.

रजेसाठी दिलेल्या भूमिकेसमोर मुदतीची तारीख लिहिलेली असली, की महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या कॉलमवरून एक नजर फिरवणं पुरतं. लेखा व्यवस्थापक रुजू झाल्याला आठवडा झाला आणि सहायकासमोरचा 1 अजून तिथेच असेल, तर आधी सॉफ्टवेअरमधून भूमिका काढायची आणि मग शीटमधून, या क्रमाने. उलट केलं तर शीट स्वच्छ दिसेल आणि अधिकार मात्र चालूच राहील.