पासपोर्ट कुरिअरमध्ये अडकला, तर पत्र कसं लिहायचं?

व्हिसा मंजूर झाल्याचा निरोप आला, पण पासपोर्ट घरी पोहोचलाच नाही, की माणूस घाबरून व्हिसा केंद्राला लिहितो, ‘माझ्या व्हिसाचं काय झालं?’ इथेच पत्र फसतं. व्हिसाचा निर्णय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास घेतो. केंद्राचं काम अर्ज स्वीकारणं आणि पासपोर्ट परत करणं, एवढंच. त्यामुळे ‘निर्णय आमच्या हातात नाही’ असं ठरावीक उत्तर येतं आणि आठवडा वाया जातो.

समजा, कोल्हापूरच्या एका विद्यार्थिनीने मुंबईच्या केंद्रात अर्ज दिला आणि कुरिअरचे पैसेही तिथेच भरले. पासपोर्ट सोमवारी कुरिअरकडे दिल्याचा मेसेज आला. गुरुवारी ट्रॅकिंगवर ‘घर बंद’ अशी नोंद दिसली. घरात आजी दिवसभर होती. त्यानंतर नोंद हललीच नाही.

तिच्या पत्राची सुरुवात अशी हवी: ‘व्हिसाच्या निर्णयाबद्दल माझी विचारणा नाही. आपण कुरिअरकडे सोपवलेला माझा पासपोर्ट मला मिळालेला नाही, त्याबद्दल ही तक्रार आहे.’ पुढे अर्जाचा संदर्भ क्रमांक, कुरिअर शुल्काच्या पावतीचा क्रमांक, कुरिअरचा एअरवे बिल नंबर आणि शेवटच्या नोंदीची तारीख. पावती महत्त्वाची, कारण पैसे केंद्राने घेतलेत. ‘कुरिअरवाल्यांना विचारा’ म्हणून त्यांना हात झटकता येऊ नयेत.

मग नेमकी मागणी. पाकीट आत्ता कोणत्या शाखेत आहे? पाकिटावर पत्ता, पिनकोड आणि मोबाइल नंबर काय लिहिलाय? जुना नंबर किंवा चुकलेला पिनकोड हे अशा घोटाळ्याचं नेहमीचं कारण. ट्रॅकिंगवर ‘RTO’ दिसलं, तर पाकीट परत पाठवणाऱ्याकडे निघालंय. म्हणून ‘पाकीट परत न पाठवता कोल्हापूरच्या शाखेत थांबवावं, मी ओळखपत्र दाखवून स्वतः घेईन’ हे वाक्य पत्रात हवंच. विमानाच्या तिकिटाची प्रत जोडावी आणि उत्तरासाठी तारीख द्यावी.

पासपोर्ट हरवल्याची तक्रार मात्र घाईने पोलिसांत करू नये, हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं. हरवल्याची नोंद झाली की पासपोर्ट रद्द होऊ शकतो. मग दोन दिवसांनी पाकीट सापडलं, तरी तो पासपोर्ट चालत नाही आणि त्यातला व्हिसाही अडचणीत येतो. म्हणून पत्रात शेवटी एवढं मागावं: ‘पाकीट गहाळ झालं असेल, तर तसं लेखी कळवावं.’ पोलिसांत जाताना आणि पासपोर्ट कार्यालयात नव्यासाठी अर्ज करताना ते पत्र कामी येतं.

दिलेल्या तारखेपर्यंत उत्तर आलं नाही, तर त्याच पत्राची प्रत दूतावासाच्या व्हिसा विभागाला ईमेलने पाठवावी. सेवेतल्या त्रुटीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 या क्रमांकावर, नोंदवता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक आयोगाकडे दाद मागायला तिला मुंबईला जावं लागत नाही; ती राहते त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते.