एकाच कायद्याचा पंडित की गावाचा सीए?

१ जुलै २०१७ रोजी देशात जीएसटी आला आणि सीए मंडळींपैकी एका वर्गाची पंचाईत झाली. केंद्रीय अबकारी कर, सेवाकर किंवा महाराष्ट्राचा व्हॅट यांपैकी एकाच कायद्यावर ज्यांनी नाव कमावले होते, त्यांचा कायदाच चालू कामकाजातून उठला. पेट्रोल, डिझेल, तंबाखू असे मोजके विषय जुन्या करांत शिल्लक राहिले, बाकी सगळे नव्या छत्राखाली गेले. व्यवसायात आठ-नऊ वर्षे झालेल्या आणि ‘आपण फक्त एक्साइज करतो’ असे अभिमानाने सांगणाऱ्या माणसासाठी ही मोठी उलथापालथ होती.

पण सगळ्यांचे सारखेच नुकसान झाले नाही. एका विषयात खोल जावे की सगळे थोडे-थोडे करावे, असे तरुण सीए विचारतात तेव्हा मला म्हणूनच २०१७ आठवते. त्या वर्षी एकाच विषयातल्या तज्ज्ञांमधलेच दोन प्रकार उघडे पडले.

अबकारी कर ‘उत्पादना’वर लागायचा. त्यामुळे अमुक प्रक्रियेला उत्पादन म्हणायचे की नाही, यावर अनेक दशके खटले चालले आणि त्या निकालांची पोतडी हीच काहींची सारी विद्या होती. जीएसटी पुरवठ्यावर लागतो, म्हणून ती पोतडी नव्या कामात जवळपास निरुपयोगी ठरली. ज्यांचा हात वर्गीकरणात, म्हणजे एखादी वस्तू दरपत्रकातल्या कोणत्या नोंदीत बसते हे ठरवण्यात तयार झाला होता, त्यांचे मात्र काम वाढले. खोबरेल तेलाचे उदाहरण घ्या. छोट्या बाटलीतले तेल खाद्यतेल मानायचे की केसांचे तेल, हा वाद अबकारी कराच्या काळात सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निर्णय डिसेंबर २०२४ मध्ये दिला: केसांचे तेल म्हणून विकले जात नसेल, तर लहान बाटलीतलेही खाद्यतेलच. तोवर जुना कर जाऊन सात वर्षे झाली होती, पण प्रश्न जिवंत होता, कारण जीएसटीतही तेव्हा खाद्यतेलाला ५ टक्के आणि केसांच्या तेलाला १८ टक्के दर होता.

सर्वांत ठिसूळ निघाले ते एका फॉर्मवर उभे असलेले काम. महाराष्ट्रात व्हॅटचे ऑडिट फॉर्म ७०४ मध्ये व्हायचे आणि दर जानेवारीत अनेक कार्यालयांत त्याची झुंबड असायची. जीएसटीबरोबर ते संपले. त्याची जागा घ्यायला जीएसटीआर-९सी आला, त्यावर सीएचे प्रमाणपत्र सक्तीचे होते. २०२१ मध्ये सरकारने तीही सक्ती काढली आणि व्यापाऱ्याने स्वतःच ताळमेळ प्रमाणित करावा असे ठरवले. चार-पाच वर्षांत त्याच कामाला दोनदा कात्री लागली. याला ‘स्पेशलायझेशन’ म्हणणे मला कधीच पटले नाही. ती सरकारने दिलेली आणि सरकारलाच परत घेता येणारी शिधापत्रिका होती.

मग टिकाऊ खोली कशी असते? ट्रान्स्फर प्रायसिंग बघू. हा विषय भारताच्या कायद्यात २००१ मध्ये आला. एका बहुराष्ट्रीय समूहातल्या दोन कंपन्या आपापसात व्यवहार करतात, तेव्हा लावलेली किंमत त्रयस्थांमध्ये ठरली असती तशी आहे का, एवढाच त्याचा गाभा. समजा, अमेरिकी कंपनीची पुण्यातली उपकंपनी तिच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते. तिचा वर्षाचा खर्च १०० कोटी आणि त्यावर नफा १४ कोटी, म्हणजे १४ टक्के. आता नवखी सीए डेटाबेसमधून तशाच कामाच्या, पण कोणत्याही समूहाशी बांधलेल्या नसलेल्या कंपन्या शोधते. सुरुवातीला शेकडो नावे येतात. कोणाचा मुख्य धंदा वेगळाच असतो, कोणी स्वतःचे उत्पादन विकतो, कोणी सतत तोट्यात असतो. एकेक गाळत दहा-बारा उरतात. अशा किमान सहा कंपन्या असतील, तर त्यांचे नफ्याचे टक्के चढत्या क्रमाने लावून ३५व्या ते ६५व्या शतमकाचा पट्टा घेतला जातो. तो १५ ते १९ टक्के निघाला आणि मध्यक १७ आला, तर १४ टक्के पट्ट्याबाहेर पडतात. मग हिशेब थेट मध्यकावर जातो आणि कंपनीच्या उत्पन्नात ३ कोटी वाढतात.

पहिली दोन-तीन वर्षे ती गाळणीच करत राहते आणि कंटाळते. कौशल्य पुढे सुरू होते. खात्याचा अधिकारी चार नफेखोर कंपन्या यादीत घुसवतो. त्यातल्या कोणत्या, कोणत्या कारणाने बाहेर काढायच्या हे त्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचून लिहावे लागते, आणि त्यासाठी पुण्यातली मुले प्रत्यक्षात कोणते काम करतात हे समजून घ्यावे लागते. ही विद्या कायद्याच्या कलमांना चिकटलेली नसते. १९६१चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून नवा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, पण हे तत्त्व जगभर चालते आणि इथेही राहिले. सातव्या वर्षी तिला दुबईत किंवा लंडनमध्येही काम मिळू शकते. सांगलीत स्वतःचे कार्यालय थाटून मात्र या एका विषयावर पोट भरणे अवघड, कारण असे व्यवहार असलेल्या कंपन्या तिथे मुळात किती?

आता इचलकरंजीतल्या कार्यालयात बसलेला तिचा वर्गमित्र पाहू. त्याचे वर्ष तारखांनी बांधलेले: महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रे, एप्रिलमध्ये बँक शाखांची ऑडिट्स, जुलैत पगारदारांची रिटर्न, मग टॅक्स ऑडिट, मध्येच पतसंस्था आणि ट्रस्ट. त्याला उथळ म्हणणे सोपे आहे. म्हणून मार्च २०२४ मध्ये तिथे काय घडले असेल ते नीट पाहू.

त्या वर्षी आयकरातली एक नवी तरतूद पहिल्यांदा अंगावर आली. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेतला, तर पैसे १५ दिवसांत आणि लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत द्यायचे. मुदत उलटली आणि वर्षअखेरीस पैसे बाकी राहिले, तर तो खर्च त्या वर्षी धरायचा नाही, पैसे देईल त्या वर्षी धरायचा. कापडधंद्यात तीन-तीन महिन्यांची उधारी हा रिवाज. समजा, एका भागीदारी पेढीने १ फेब्रुवारीला यंत्रमाग कारखानदाराकडून ४० लाखांचे ग्रे कापड घेतले. मार्चच्या मध्यावर ४५ दिवस संपले, ३१ तारखेला पैसे बाकी. उत्पन्नात ४० लाख वाढले आणि ३१.२ टक्क्यांनी साधारण साडेबारा लाखांचा कर आला. पुढच्या वर्षी वजावट मिळेल खरी, पण आज रोकड अडकली.

आयकराचा तज्ज्ञ इथे तरतूद अचूक सांगेल आणि थांबेल. गावच्या सीएला पुढचे दिसते. ४५ दिवसांत पैसे द्यायचे तर बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा वाढवावी लागेल. त्यासाठी स्टॉक स्टेटमेंट आणि पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक लागेल. त्या अंदाजपत्रकात ज्याच्याकडून येणे दाखवायचे तो व्यापारी स्वतःच थकला आहे, हे त्याला दुसऱ्या फायलीवरून ठाऊक असते. शिवाय कापड विकणारा कारखानदारही बहुतेक त्याचाच क्लायंट. ‘उद्यम नोंदणी रद्द कर, नाहीतर तुझा माल घेत नाही’ अशी दमदाटी तेव्हा अनेक ठिकाणी झाली. नोंदणी सोडली तर कारखानदाराच्या कोणत्या सवलती जातील, हेही त्यालाच सांगावे लागले. दोघांचाही सल्लागार असणे अडचणीचे असते आणि कधी एकाला ‘तू दुसरा सीए बघ’ असे सांगावे लागते. ही समज दहा वर्षे अनेक कायदे एकाच धंद्यावर आदळताना पाहिल्याशिवाय येत नाही.

या दोघांना जोडणारी गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. मर्यादित सवलती सोडल्या, तर सीएला स्वतःची जाहिरात करता येत नाही. मग तज्ज्ञाकडे काम येते कुठून? मुख्यतः इतर सीएंकडून. सोलापूर, नाशिक, कोल्हापूरच्या शाखांमध्ये अभ्यासवर्ग होतात, कोणीतरी दोन तास एका विषयावर बोलतो, चहाच्या वेळी तीन जण आपापली नोटीस पुढे करतात आणि पुढच्या महिन्यात त्यातली एक फाइल कुरिअरने येते. म्हणून मोठ्या फर्मबाहेर पडून तज्ज्ञ व्हायचे असेल, तर नुसता विषय येऊन भागत नाही. गावोगावच्या सर्वसाधारण सीएंनी तुम्हाला ओळखले पाहिजे, आणि त्यांची भाषा तुम्हाला बोलता आली पाहिजे.

माझा कल विचाराल, तर पहिली तीन-चार वर्षे रुंद असावीत. पूर्वी तीन वर्षांची असलेली आर्टिकलशिप २०२३ पासून दोन वर्षांवर आली. मोठ्या फर्ममध्ये ती दोन्ही वर्षे एकाच बँकेच्या एकाच प्रकारच्या तपासणीत जाऊ शकतात. असा मुलगा पास होऊन थेट अरुंद विषयात शिरला, तर संपूर्ण ताळेबंद स्वतः उभा करण्याची वेळच त्याच्यावर येत नाही, आणि सहाव्या वर्षी मागे फिरायचे म्हटले तर पगार निम्म्यावर आणावा लागतो. उलट बाजूचा धोका गावच्या कार्यालयात असतो. चौथ्या वर्षीही तारखा पाळण्यातच महिना संपत असेल, आणि नोटीस आली की उत्तराचा पहिला मसुदा दुसराच कोणी लिहीत असेल, तर तो अनुभव चार वर्षांचा नाही. एकच वर्ष चारदा झाले आहे. मी तरी नोटिशीच्या उत्तरावरूनच माणूस ओळखतो: ते कोणी लिहिले, आणि समोरच्याने ते खोडले तेव्हा पुन्हा कोणी लिहिले.

दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये आली तेव्हा एक नवे काम जन्माला आले: बुडत्या कंपनीचा कारभार हाती घेऊन १८० दिवसांत, लांबले तर ३३० दिवसांत तिच्यासाठी खरेदीदार शोधणारा व्यावसायिक. त्याचा तज्ज्ञ तेव्हा देशात कोणीच नव्हता. नियमांनी सीएला दाखल होण्यासाठी परीक्षेबरोबर दहा वर्षांच्या अनुभवाची अट घातली, आणि तो अमुक एका विषयातलाच हवा असे म्हटले नाही. कामगारांची थकबाकी, बँकांचे दावे, जीएसटीची येणी, गोदामातला माल, सगळे एकदम अंगावर येणाऱ्या या कामात इचलकरंजीचा माणूस गोंधळणार नाही. पण नेमणुकीवर शिक्कामोर्तब करते ती धनको समिती. तिथे ६६ टक्के मते लागतात आणि मोठ्या प्रकरणांत ती बहुधा मुंबईतल्या बँकांच्या हातात असतात. तिथे ट्रान्स्फर प्रायसिंगवालीचे नाव आधी ऐकलेले असते.