प्रौढांच्या इंग्रजी संभाषण वर्गाची सूचना

सोसायटीत किंवा वाडीत मोठ्या माणसांसाठी इंग्रजी संभाषणाचा क्लास निघाला की ग्रुपवर सूचना पडते. तिचा मजकूर ठरलेला असतो: ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’. वाचणाऱ्याच्या मनात मात्र दोनच प्रश्न असतात. हा क्लास आपल्यासाठी आहे का? आणि तिथे आपल्याला बोलायला मिळेल का?

‘बेसिक’ म्हटल्याने पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. अक्षरओळख नसलेला माणूस स्वतःला बेसिक समजतो, आणि बारावीपर्यंत इंग्रजी शिकूनही तोंड न उघडणाराही. दोघांना एका खोलीत बसवलं तर एक कंटाळतो, दुसरा घाबरतो. म्हणून शिकणाऱ्याची अडचणच सूचनेत लिहावी.

दुसरं उत्तर साध्या हिशेबात आहे. तासाला वीसजण असतील आणि प्रत्येकाने पाळीपाळीने बोलायचं असेल, तर शिक्षक गप्प बसले तरी एकेकाला तीनच मिनिटं मिळतात. आठजणांच्या जोड्या लावून अर्धा तास सराव घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटं येतात. त्यामुळे फीइतकाच जागांचा आकडाही महत्त्वाचा.

मुदतीचं आश्वासन जपून द्यावं. केंब्रिजच्या ढोबळ अंदाजाप्रमाणे, अगदी सुरुवातीपासून शिकणाऱ्याला साधे रोजचे व्यवहार इंग्रजीत करण्याइतपत तयारीला 180 ते 200 तास लागतात. आठवड्याला दोन तास धरले तर तीन महिन्यांत जेमतेम 24 तास होतात. तेवढ्यात ‘फाडफाड’ होत नाही. ठरावीक चार-पाच प्रसंग मात्र निभावता येतात.

हे सगळं धरून नमुना असा होईल:

‘नमस्कार. इंग्रजी वाचलेलं कळतं, पण बोलायची वेळ आली की अडतं, अशा मोठ्यांसाठी क्लास सुरू होत आहे. बँकेत, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत आणि फोनवर बोलण्याचा सराव. मंगळवार व गुरुवार, दुपारी 3 ते 4, सोसायटीचं ऑफिस. तीन महिने, 8 जागा, महिना 800 रुपये. पहिला तास मोफत. चौकशी ग्रुपवर न करता माझ्या नंबरवर करावी.’

यातलं शेवटचं वाक्य सहसा राहून जातं. शेजारीपाजारी, व्याही, सुना एकाच ग्रुपवर असताना ‘मला इंग्रजी येत नाही’ असं चारचौघांत लिहायला पन्नाशीतला माणूस धजत नाही. त्याला अंगठाही दाखवायचा नसतो. ग्रुप शांत राहिला म्हणजे कोणाला रस नाही असं त्यामुळे समजू नये. खासगीत किती फोन आले ते मोजावं.

वेळही माणसं बघून ठरते. दुपारचे तीन गृहिणींना आणि निवृत्तांना सोयीचे. नोकरदारांसाठी रात्री साडेआठनंतरची वेगळी बॅच लागते. पोस्ट टाकण्याआधी ॲडमिनची आणि जागेसाठी कमिटीची परवानगी घ्यावी. लांब मजकूर व्हॉट्सॲप दुमडून टाकतं, त्यामुळे क्लास कोणासाठी आहे हे पहिल्या दोन ओळींत यावं. मोफत तासाच्या आदल्या दिवशी एकदा आठवण पुरे.