जुनी गाडी विकली, पण नफा किती झाला?

डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषद झाली, जुन्या गाड्यांच्या विक्रीवरचा कर सरसकट 18 टक्के झाला आणि बऱ्याच लोकांनी समजूत करून घेतली की सहा लाखांना गाडी विकली तर लाखभर रुपये सरकारला द्यायचे. तसं नाही. स्वतःच्या घरची गाडी विकणाऱ्याला हा कर लागतच नाही. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने धंद्याची गाडी विकली तर लागतो, पण तोही बहुतेक वेळा फक्त मार्जिनवर.

समजा, सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याने जून 2021 मध्ये पेढीच्या नावावर कार घेतली. जीएसटी आणि रस्ता कर धरून 10 लाख रुपये पडले. प्रवासी कारवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट व्यापाऱ्याला सहसा मिळत नाही, म्हणून सगळी रक्कम गाडीच्या किमतीतच धरली. आयकरात कारला दरवर्षी शिल्लक किमतीवर 15 टक्के घसारा मिळतो. पहिल्या वर्षाअखेर 8,50,000 उरले, मग 7,22,500, मग 6,14,125, आणि 31 मार्च 2025 ला 5,22,006.

नोव्हेंबर 2025 मध्ये गाडी 6 लाखांना गेली. विकल्याच्या वर्षी घसारा मिळत नाही, म्हणून मार्चची शिल्लकच धरायची. सहा लाखांतून ती वजा केली की मार्जिन 77,994 रुपये, आणि त्यावर 18 टक्क्यांनी कर सुमारे 14,039. गाडी 4,80,000 ला गेली असती तर मार्जिन उणे आलं असतं आणि कर शून्य. मात्र ते उणे मार्जिन दुसऱ्या गाडीच्या मार्जिनमधून वजा करता येत नाही.

हा हिशेब प्रत्येक गाडीचा वेगळा करावा लागतो. अनेकांच्या ताळेबंदात ‘वाहने’ या एकाच ओळीत कार, स्कूटर, टेम्पो एकत्र पडलेले असतात आणि विक्रीच्या वेळी नेमक्या याच कारची शिल्लक किती, हे कुणालाच सांगता येत नाही. खरेदीचं बिल आणि वर्षावार घसाऱ्याचा तक्ता गाडीनिहाय ठेवलेला असेल तर हे काम दहा मिनिटांचं आहे.

खरी वादावादी बिलाच्या वेळी होते. सौदा तोंडी ‘सहा लाख’ असा ठरतो आणि जीएसटी आत की वर, हे कुणी बोललेलंच नसतं. खरेदीदार जास्त द्यायला तयार नसेल तर कर विक्रेत्याच्या पदरातून जातो: मार्जिनमधून मागे हिशेब केला तर सुमारे 11,897 रुपये. म्हणून ही गोष्ट बयाणा घेतानाच लिहून घ्यावी. बिल नेहमीच्या क्रमांकातलंच असावं. त्यावर नोंदणी आणि चासी क्रमांक, 8703 हा एचएसएन कोड आणि विक्रीची पूर्ण किंमत द्यावी. करपात्र रक्कम म्हणून मार्जिन दाखवून 8/2018 या अधिसूचनेचा उल्लेख करावा. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर कराचे केंद्र आणि राज्य असे दोन समान भाग पडतात.

मालवाहू टेम्पोचं गणित निराळं. त्यावर खरेदीचं क्रेडिट मिळतं, आणि एकदा ते घेतलं की मार्जिनची सवलत गेली. 8 लाखांच्या टेम्पोवर 2,24,000 जीएसटी भरून क्रेडिट घेतलं आणि बरोबर चार वर्षांनी तो 3,50,000 ला विकला असं धरू. क्रेडिट दर तिमाहीला पाच टक्क्यांनी संपत जातं, म्हणजे सोळा तिमाहींत 80 टक्के संपलं आणि 44,800 उरलं. दुसरीकडे विक्रीच्या पूर्ण किमतीवर 18 टक्के म्हणजे 63,000. दोन्हींतली मोठी रक्कम भरायची, म्हणजे 63,000.

आता नफ्याकडे. व्यापाऱ्याच्या वह्या आयकराच्याच घसाऱ्याने चालत असतील तर कारवरचा नफा 77,994 असा दिसेल, कारण वर घेतलेला जीएसटी हे त्याचं उत्पन्न नव्हे. पण आयकर एका गाडीचा नफा बघत नाही. 15 टक्के घसाऱ्याची सगळी यंत्रं आणि कार तिथे एकाच गटात असतात. पेढीत हळद पॉलिश करायचं यंत्र असेल, तर कारचे सहा लाख त्या गटाच्या शिल्लकीतून वजा होतात. गट शिल्लक राहिला तर त्या वर्षी करपात्र नफा शून्य, फक्त पुढचा घसारा कमी मिळतो. गटात कारशिवाय काहीच नसेल तर तेच 77,994 अल्पकालीन भांडवली नफा ठरतात आणि नेहमीच्या दराने कर लागतो. तोटा झाला असेल तर तोही भांडवली तोटाच. तो हळदीच्या धंद्याच्या नफ्यातून वजा होत नाही, फक्त भांडवली नफ्यातून होतो, आणि तसा नफा नसेल तर आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेलं असावं लागतं.