पिरॅमिड उभा राहतो तो रिकाम्या जागांवर

पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगच्या प्रात्यक्षिकात चांदण्यांचा काटकोन त्रिकोण बहुतेकांना जमतो. अडचण पुढच्या प्रश्नाला येते. ‘पाच ओळींचा पिरॅमिड छापा’ असे म्हटले की अनेक जण थेट कीबोर्डवर हात ठेवतात, आकडे बदलत बसतात आणि तास संपेपर्यंत पडद्यावर वाकडातिकडा ढीग पाहतात. त्यांना लूप लिहिता येत नाही असे नसते. चित्र कसे वाचायचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

डोळ्यांना पिरॅमिड एकदम दिसतो: वर टोक, खाली पाया, मधोमध सममिती. संगणकाला यातले काहीच दिसत नाही. साधे `printf` डावीकडून उजवीकडे अक्षरे टाकत जाते आणि `\n` आला की खालच्या ओळीच्या सुरुवातीला जाते. छापून झालेल्या ओळीवर परत चढून मधली एखादी जागा भरायची सोय त्यात नाही. ही पद्धत कागदावर छापणाऱ्या यंत्रांपासून चालत आली आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची सी भाषा घडवत होते, तेव्हा संगणकाशी बोलायला टेलिटाइप नावाची यंत्रे वापरात होती आणि उत्तर कागदाच्या गुंडाळीवर उमटत असे. आजही लिनक्समध्ये टर्मिनलला `tty` म्हणतात, ते त्याच नावाचे आखूड रूप.

म्हणून पिरॅमिडचे तुकडे करायचे ते आडवे, ओळीओळीने. प्रत्येक ओळीसाठी एकच प्रश्न: कर्सर डाव्या कडेला उभा आहे, आता क्रमाने काय काय टाकायचे? पहिल्या ओळीत चांदणी मधोमध हवी. पण कर्सर उडी मारून मध्यावर जात नाही, तो तिथपर्यंत रिकाम्या जागा टाकत पोचतो. चित्रात न दिसणाऱ्या या जागा छापाव्याच लागतात. पिरॅमिड आणि काटकोन त्रिकोण यांत खरा फरक एवढाच, आणि बहुतेक चुकाही इथेच होतात.

यावर एक फार चांगला उपाय आहे. सराव करताना स्पेसच्या जागी टिंब छापायचे. मग जे लपले होते ते मोजता येते:

```
....*
...***
..*****
.*******
*********
```

आता वहीत दोन रकाने आखावेत, एक टिंबांचा आणि एक चांदण्यांचा. टिंबे ओळीगणिक ४, ३, २, १, ० आणि चांदण्या १, ३, ५, ७, ९. पहिल्या रकान्यात ओळीचा क्रमांक एकाने वाढला की टिंब एकाने घटते आणि दोन्हींची बेरीज कायम पाच राहते. म्हणजे टिंबे `n - i`. इथे `n` म्हणजे एकूण ओळी आणि `i` म्हणजे चालू ओळ. दुसऱ्या रकान्यात दर ओळीला दोन चांदण्या वाढतात, तेव्हा सूत्रात `2 * i` येणार हे नक्की. पहिल्या ओळीत मात्र दोन नाही, एकच चांदणी आहे. एक वजा केला की `2 * i - 1`. तिसऱ्या ओळीवर पडताळून पाहावे: दोन टिंबे, पाच चांदण्या. जुळले.

ही दोन सूत्रे हाती आली की प्रोग्रामचे काम जवळजवळ संपले. बाहेरचा लूप ओळी मोजतो. त्याच्या पोटात एकामागून एक दोन लूप येतात, आधी जागांचा, मग चांदण्यांचा.

```c
#include <stdio.h>

int main(void)
{
    int i, j, n = 5;
    for (i = 1; i <= n; i++) {
        for (j = 1; j <= n - i; j++)
            printf(".");
        for (j = 1; j <= 2 * i - 1; j++)
            printf("*");
        printf("\n");
    }
    return 0;
}
```

आकार बरोबर आला की टिंबाच्या जागी स्पेस घालायची. नेस्टेड लूपचे मर्म आतल्या लूपच्या मर्यादेत आहे. तिथे `i` आहे म्हणून बाहेरचा लूप एक पाऊल पुढे सरकला की आतल्याची लांबी बदलते. तिथे चुकून नुसता `n` लिहिला तर दर ओळीला सारख्याच चांदण्या पडतात आणि त्रिकोणाऐवजी चौकोन उभा राहतो.

बिघडलेला आकारच बहुतेक वेळा चूक कुठे आहे ते सांगतो. चांदण्या एकाखाली एक, अशा पंचवीस ओळी आल्या, तर `printf("\n")` चांदण्यांच्या लूपमध्ये शिरले आहे. सगळे एकाच लांब ओळीत आले, तर ते राहूनच गेले आहे. चांदण्यांच्या `for` च्या कंसानंतर चुकून अर्धविराम पडला, तर लूप नुसता फिरून संपतो, चांदणी दर ओळीला एकदाच छापली जाते आणि पाच चांदण्यांची तिरपी रेघ डावीकडे उतरत येते. कंपायलर ही चूक म्हणून अडवत नाही, कारण रिकामा लूप भाषेच्या नियमात बसतो. आणि पडदा चांदण्यांनी भरत सुटला, थांबायचे नावच घेईना, तर आतल्या लूपमध्ये `j++` च्या जागी `i++` टाइप झाले आहे का ते आधी पाहावे. `j` एकावरच अडतो, `i` वाढत जातो आणि अट मोडतच नाही. `Ctrl+C` दाबून प्रोग्राम थांबवावा लागतो.

आकार डोळ्यांना ठीक वाटला तरी चांदण्या मोजून पाहाव्यात. १ + ३ + ५ + ७ + ९ म्हणजे २५, पाचाचा वर्ग. पहिल्या `n` विषम संख्यांची बेरीज नेहमी `n` चा वर्ग असते, त्यामुळे कितीही ओळींच्या पिरॅमिडला हा ताळा लागू पडतो. मोठ्या पिरॅमिडला अडवतो तो पडदा. टर्मिनलची रूढ रुंदी ८० अक्षरांची आहे; आयबीएमच्या १९२८ सालच्या पंच कार्डावरही ८० रकानेच होते. ४० ओळींच्या पिरॅमिडचा पाया ७९ चांदण्यांचा, तो मावतो. ४१ ओळी केल्या की पाया ८१ चा होतो आणि शेवटची चांदणी पुढच्या ओळीत एकटी जाऊन पडते. ही चूक प्रोग्रामची नव्हे. खिडकी रुंद केली की ती जागेवर दिसते.

उलटा पिरॅमिड हवा असेल तर आतले दोन्ही लूप जसेच्या तसे ठेवावेत आणि बाहेरचा तेवढा `n` पासून एकापर्यंत उतरवावा. हिरा म्हणजे सरळ आणि उलटा पिरॅमिड एकाखाली एक. मात्र खालचा भाग `n - 1` पासून सुरू करायचा, नाहीतर सर्वांत रुंद ओळ दोनदा छापली जाते. घाईत ती डोळ्यांना चकवते. मोजणीत ती सापडते: पाचाच्या हिऱ्यात २५ आणि १६ मिळून ४१ चांदण्या हव्यात, आणि ५० भरल्या तर मधली ९ ची ओळ दोनदा आली आहे.