लाल दिवा लागला, आता काय कराल?

लायसन्सच्या परीक्षेसाठी रस्त्यावरच्या खुणा सगळेच पाठ करतात. स्टिअरिंगमागच्या चित्रांचे हे पाच प्रश्नही सोडवून पाहा. उत्तर वाचण्याआधी स्वतःचं उत्तर ठरवा.

चावी फिरवली, इंजिन अजून बंद आहे आणि बरेच दिवे एकदम लागले. बिघाड आहे का?
नाही. गाडी आपलेच दिवे तपासून दाखवते. इंजिन सुरू झाल्यावर इशाऱ्याचे दिवे काही सेकंदांत विझायला हवेत. एखादा दिवा या वेळी लागलाच नाही, तर खरा बिघाड झाल्यावरही तो गप्प राहू शकतो. म्हणून ते सेकंद लक्ष देऊन पाहायचे.

चालत्या गाडीत तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागला. पुढच्या पंपापर्यंत जावं का?
अजिबात नाही. हा दिवा बहुधा ऑइलचा दाब घसरल्याचं सांगतो. दाब नसला की फिरत्या भागांमधला ऑइलचा थर तुटतो, धातू धातूवर घासतो आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होऊ शकतं. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, काही मिनिटं थांबून सपाट जागी डिपस्टिक पाहा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असूनही दिवा लागत असेल, तर दोष पंपात किंवा सेन्सरमध्ये असू शकतो. तो कशात आहे हे रस्त्यावर कळत नाही, म्हणून गाडी टो करून न्यायची.

वर्तुळात उद्गारचिन्ह, रंग लाल. आधी काय पाहाल?
हँडब्रेक. तो पूर्ण खाली असेल तर ब्रेक ऑइलची टाकी. ब्रेक पॅड झिजले की ऑइलची पातळी उतरते, म्हणून वळणावर दिवा क्षणभर लुकलुकतो. नुसतं ऑइल ओतून हा प्रश्न मिटत नाही, पॅड तपासून घ्यावे लागतात. पेडल खोल जात असेल तर गळती असू शकते. मग गाडी हलवायची नाही.

कसारा घाट चढताना बॅटरीचा लाल दिवा लागला, पाठोपाठ तापमानाचाही. दोन बिघाड?
बहुधा एकच, पट्टा तुटला. तोच पट्टा अल्टरनेटर फिरवतो आणि बऱ्याच गाड्यांत थंड पाणी खेळवणारा पंपही. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही त्याच वेळी जड होतं. नुसता बॅटरीचा दिवा लागला असता, तर एसी बंद करून जवळच्या गॅरेजपर्यंत पोहोचता आलं असतं. तापमानाचाही लागला म्हणजे तिथेच थांबायचं. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, आतलं उकळतं पाणी दाबाने अंगावर उडतं.

इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असणं आणि लुकलुकणं यात फरक काय?
स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर लवकरच गॅरेज गाठा. लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग तापून निकामी होतो. ॲक्सिलरेटर लगेच सोडा आणि सुरक्षित जागा पाहून थांबा.