छप्पन्न विरुद्ध एकोणीस

2012 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ‘फेम-2’ या चाचणीचा निकाल आला आणि हृदयरोगतज्ज्ञांमध्ये वाद पेटला. प्रश्न जुनाच होता. चालताना, जिना चढताना छातीत दुखतं, पण तब्येत स्थिर आहे, अशा माणसाला स्टेंट घालावा की गोळ्यांवर ठेवावं? बेल्जियमचे डॉ. बर्नार्ड द ब्रॉयना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्ण काटेकोरपणे निवडले होते. रक्तवाहिनीतल्या अडथळ्याच्या पुढचा आणि मागचा रक्तदाब बारीक तारेने मोजायचा, आणि पुढचा दाब मागच्या दाबाच्या 80 टक्के किंवा त्याहून कमी भरला तरच तो अडथळा खरोखर रक्त अडवतोय असं धरायचं. असे अडथळे असलेले 888 रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. 447 जणांना स्टेंट आणि औषधं मिळाली, 441 जणांना फक्त औषधं.

निकाल डोळ्यांत भरणारा होता. मृत्यू, हार्ट अटॅक किंवा तातडीने करावी लागलेली अँजिओप्लास्टी अथवा बायपास, या तिन्हींपैकी काहीही घडलेले रुग्ण औषधांच्या गटात 56 होते आणि स्टेंटच्या गटात 19. म्हणजे धोका 68 टक्क्यांनी कमी. हे वाक्य जसंच्या तसं कानावर पडलं, तर कोणीही म्हणेल की स्टेंट जीव वाचवतो आणि अटॅक टाळतो.

आता तिन्ही गोष्टी सुट्या करू. मृत्यू स्टेंटच्या गटात 1, औषधांच्या गटात 3. हार्ट अटॅक स्टेंटच्या गटात 15, औषधांच्या गटात 14. आणि तातडीची अँजिओप्लास्टी किंवा बायपास? स्टेंटच्या गटात 7, औषधांच्या गटात 49. (बेरीज 19 आणि 56च्या वर जाते, कारण एकाच रुग्णाला अटॅकही येऊ शकतो आणि तातडीची अँजिओप्लास्टीही लागू शकते. एकत्रित मोजणीत मात्र तो एकदाच धरला जातो.) अटॅकच्या बाबतीत दोन्ही गट बरोबरीत होते. मृत्यू इतके थोडे, की त्यांवरून काहीच म्हणता येत नाही. सगळा फरक तिसऱ्या घटकाने घडवला. तीन पक्षांच्या आघाडीला बहुमत मिळालं, पण जागा जवळजवळ सगळ्या एकाच पक्षाच्या, तसा हा प्रकार. तरी निकाल जाहीर होतो आघाडीच्या नावाने.

अशी मोट बांधायचं कारण प्रामाणिक आहे. हृदयविकाराची औषधं आता बरीच चांगली आहेत, त्यामुळे स्थिर रुग्णांत मृत्यू क्वचित होतात. फक्त मृत्यू मोजायचे ठरवले तर हजारो माणसं आणि कित्येक वर्षं लागतील. म्हणून मृत्यूबरोबर अटॅक, पक्षाघात, रुग्णालयात दाखल होणं अशा घटना जोडतात. घटना वाढल्या की कमी रुग्णांत, कमी वेळात उत्तर मिळतं. सगळे घटक साधारण सारखेच गंभीर असले, साधारण सारख्याच संख्येने घडले आणि उपचाराने सारखेच कमी झाले, तर या पद्धतीत काही वावगं नाही. पण सौम्य घटक नेहमीच जास्त वेळा घडतात. मग बेरजेत वजन त्यांचंच पडतं, आणि शीर्षकात मात्र ‘मृत्यू’ हा शब्द पहिला येतो.

‘फेम-2’मधल्या सौम्य घटकात आणखी एक गोम होती. मृत्यू झाला की नाही, यावर वाद होत नाही. ‘तातडीने अँजिओप्लास्टी करावी लागली’ ही मात्र घटना नसून निर्णय आहे. हा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरला कोणता रुग्ण कोणत्या गटात आहे, हे ठाऊक होतं. रुग्णालाही ठाऊक होतं. माझ्या रक्तवाहिनीत मोठा अडथळा आहे आणि तो तसाच सोडलाय, हे कळलेला माणूस छातीत जरा कळ आली तरी रुग्णालय गाठणार. तिथला डॉक्टरही त्याचे कागद पाहून ‘आता स्टेंट घालूनच टाकू’ म्हणणार. स्टेंट घातलेल्याला तसंच दुखलं तर दोघंही थोडे निश्चिंत असतात. शिवाय एका गटाला जो उपचार पहिल्याच दिवशी मिळाला, तोच दुसऱ्या गटाला नंतर मिळाला की त्याची नोंद औषधांचं अपयश म्हणून होते. मला तरी हे तराजूत आधीच हात ठेवल्यासारखं वाटतं.

संशोधकांनी या 56 तातडीच्या उपचारांची कारणंही दिली आहेत. (हा 56चा आकडा दोन्ही गट मिळून आहे, वरच्याशी त्याचं साम्य योगायोगाचं.) 12 वेळा अटॅक होता, 15 वेळा ईसीजीत बदल दिसला होता. उरलेल्या 29 वेळा, म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा, निदान केवळ रुग्णाच्या तक्रारीवर आणि डॉक्टरच्या अंदाजावर झालं होतं. ते सगळं खोटं होतं असं नाही. पण गटाची माहिती डोक्यात असताना वाकण्याजोगं निदान हेच.

मोठं नुकसान पुढे झालं. एकत्रित आकड्यांत फरक एवढा दिसला, की देखरेख समितीच्या सल्ल्याने जानेवारी 2012 मध्ये नवे रुग्ण घेणं थांबवलं. ठरले होते 1632 रुग्ण, झाले होते 1220, आणि त्यांतल्या काहींचे अडथळे किरकोळ निघाल्याने ते चिठ्ठीत नव्हतेच. प्रसिद्ध झालेल्या निकालात सरासरी पाठपुरावा सात महिन्यांचा होता. म्हणजे सौम्य घटकाने चाचणी ‘जिंकली’, आणि त्या विजयामुळेच मृत्यू आणि अटॅकच्या प्रश्नाला उत्तर मिळण्याइतके रुग्ण उरले नाहीत. संशोधकांवर लपवाछपवीचा आरोप मात्र करता येणार नाही. घटकांचे आकडे निबंधात आहेत, आणि निष्कर्षातही त्यांनी तातडीच्या उपचारांची गरज घटली एवढंच म्हटलं होतं. ‘मृत्यू, अटॅक किंवा...’ हे लांबलचक नाव आणि 68 टक्के एवढंच पुढे सरकतं, तेव्हा गफलत होते.

त्याच रुग्णांचा पाच वर्षांचा हिशेब 2018 मध्ये आला. एकत्रित घटना स्टेंटच्या गटात 13.9 टक्के, औषधांच्या गटात 27 टक्के. मृत्यू 5.1 आणि 5.2 टक्के, म्हणजे जवळपास एकच. अटॅक मात्र 8.1 आणि 12 टक्के. इथे स्टेंटचा काही फायदा असावा असं दिसतं, पण हा फरक योगायोगाच्या अगदी सीमारेषेवर आहे. 2020 मध्ये ‘इस्केमिया’ या मोठ्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. त्यात भारतातल्या रुग्णालयांतले रुग्णही होते. 5179 स्थिर रुग्णांना साधारण तीन वर्षं पाहिल्यावर मृत्यूंची संख्या होती 145 आणि 144.

तेव्हा अशी बातमी वाचताना ‘किंवा’ या शब्दाशी थांबावं आणि पुढचा तक्ता शोधावा. चांगल्या निबंधात एकत्रित आकड्याच्या खालोखाल प्रत्येक घटकाची ओळ असते. तिथे आधी मृत्यूची ओळ पाहायची, मग कोणत्या ओळीत घटना सर्वांत जास्त आहेत ते, आणि ती घटना ठरवणाऱ्याला रुग्णाचा गट माहीत होता का, हे. घटकवार आकडे बातमीत नसतील, तर निष्कर्षातलं पहिलं नाव सोडून शेवटचं खरं धरावं. बहुतेक वेळा ते चुकत नाही.

यातून स्टेंट निरुपयोगी ठरतो का? नाही. सात महिन्यांत शंभरात नऊ-दहा माणसांची रुग्णालयातली धावपळ वाचली, तर तेही कोणाला हवं असेल. फक्त त्याला जीव वाचवणं म्हणू नये. आणि दुखणं कमी होतं का, हे पाहायचं तर ते थेट विचारता येतं. ब्रिटनमधल्या ‘ऑर्बिटा-2’ने 2023 मध्ये तेच केलं. 301 रुग्णांची छातीदुखीची औषधं थांबवून निम्म्यांना खरा स्टेंट घातला आणि निम्म्यांवर नुसता देखावा केला. कोणाला काय मिळालं, हे रुग्णांना माहीत नव्हतं. खरा स्टेंट मिळालेल्यांचं दुखणं अधिक कमी झालं. त्या मोजणीत मृत्यूचं नाव घेऊन आकडा फुगवायची गरज पडली नाही.